बरणीत राजमा किती? तिसरीच्या मुलांसाठी अंदाजाचा खेळ, नोंदतक्त्यासह

टेबलावर राजम्याची बरणी ठेवायची, मुलांना चिठ्ठीवर आकडा लिहायला सांगायचा आणि ज्याचा आकडा सगळ्यात जवळचा त्याला चॉकलेट द्यायचं. ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक शाळांच्या गणित दिनाला हा खेळ असाच चालतो. मुलांना मजा येते, पण ही लॉटरी असते. चाळीस चिठ्ठ्यांतली एखादी जवळ येणारच, आणि ज्याची आली त्यालाही ती का आली हे सांगता येत नाही. बाकीच्यांनी अंदाजपंचे दाहोदरसे काहीतरी लिहून दिलेलं असतं.

खेळातून खरंच काही हाती लागायचं असेल तर अंदाज दोनदा करायला हवा. पहिला अंदाज नुसता बघून करायचा. मग मुलांच्या हातात एक ओळखीचं माप द्यायचं आणि त्याच्या आधाराने दुसरा अंदाज करायला सांगायचं. हे दोन्ही अंदाज मोजणी सुरू होण्याआधी कागदावर उतरलेले हवेत. पुढची सगळी तयारी आणि टप्प्यांचा क्रम या एका गोष्टीसाठी आहे.

खेळाला तीन तासिका लागतात. एक दाण्यांसाठी, एक लांबीसाठी आणि एक वेळेसाठी. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी उरकायला गेलात तर मोजणी अर्धवट राहते आणि फरकाचा रकाना कोराच राहतो.

## तयारी: आदल्या दिवशी करायची

बरण्या. चाळीस मुलांच्या वर्गात पाच-पाच जणांचे आठ गट करा. प्रत्येक गटाला एकसारख्या दोन बरण्या लागतील, म्हणजे एकूण सोळा. बरणी पारदर्शक, सरळ उभ्या बाजूंची आणि साधारण सहा सेंटिमीटर रुंदीची असावी. पोटाशी फुगलेली किंवा खाली निमुळती बरणी घेऊ नका, कारण तिच्यात वरचं एक बोट आणि खालचं एक बोट सारखं नसतं. त्यामुळे मुलांचा विचार बरोबर असूनही उत्तर चुकतं. मुखवासाच्या प्लास्टिकच्या बरण्या चांगल्या चालतात. काच नको, कारण बरण्या हातोहात फिरणार आहेत.

दाणे. राजमा सगळ्यात सोयीचा. दाणा मोठा असल्यामुळे तो बोटांत नीट धरता येतो आणि बाकावरून घरंगळला तरी सापडतो. एक किलोत आठ गटांचं काम होतं. जांभळी नाक्यावर किंवा तुमच्या नोडमधल्या वाण्याकडे सुटा राजमा मिळतो, तो एकाच पोत्यातला घ्या. लहान आणि मोठा राजमा मिसळलेला असेल तर ओळखीच्या मापाचा आधारच डळमळतो. पहिल्या फेरीसाठी चवळी आणि मसूर टाळा. दाणे बारीक असल्याने संख्या पटकन पाचशेपुढे जाते आणि तासिका मोजण्यातच संपते.

आठ बरण्यांत 120 ते 240 या दरम्यान वेगवेगळ्या संख्येने राजमा भरा. बरण्यांना अ, आ, इ, ई अशी अक्षरं चिकटवा. संख्या तुमच्या वहीत लिहून ठेवा, बरणीच्या बुडाला नको. तिसरीतली मुलं बरणी उलटी करून बघतातच. सगळ्या बरण्यांत एकच संख्या ठेवलीत तर ज्या गटाची मोजणी आधी होईल तो गट ओरडून सांगेल आणि उरलेल्या सात गटांचा खेळ तिथेच संपेल.

उरलेल्या आठ बरण्यांत प्रत्येकी बरोबर 50 दाणे घाला आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत 50 लिहा. ही आपली ओळखीच्या मापाची बरणी. ती पहिल्या अंदाजापर्यंत पिशवीतच राहू द्या.

बाकीचं सामान. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं प्रत्येक गटाला पंचवीस, एक मोठं ताट, प्रत्येक मुलाकडे एक स्केचपेन. दुबार शाळा असेल तर मागच्या सत्रातल्या वर्गात आधी जाऊन मांडामांड करता येत नाही. अशा वेळी प्रत्येक गटाचं सामान वेगळ्या पिशवीत भरून ठेवा, मग वाटायला फार वेळ लागत नाही.

> सावधान: कच्चा राजमा विषारी असतो, तो तोंडात घालायचा नाही हे आधीच बजावून सांगा. नाकात किंवा कानात दाणा घातला तर तो ओलाव्याने फुगून अडकतो. वर्गात एखादं मूल अजूनही वस्तू तोंडात घालत असेल तर त्या गटाला राजम्याऐवजी मोठी बटणं द्या, आणि तिथेही नजर ठेवा.

## नोंदतक्ता

अर्ध्या ए-फोर कागदावर आडवा छापा. रकाने एवढेच आणि याच क्रमाने:

| काय मोजायचं | पहिला अंदाज | आधार | दुसरा अंदाज | मोजून आलं | फरक 1 | फरक 2 |
|---|---|---|---|---|---|---|
| बरणी इ मधला राजमा | 500 | 50 म्हणजे एक बोट, बरणी साडेतीन बोटं | 175 | 187 | 313 | 12 |
| बाकाची लांबी (सेंमी) | 60 | दोरीपेक्षा थोडा मोठा | 110 | 118 | 58 | 8 |
| नाव दहा वेळा लिहायला (सेकंद) | 20 | 10 सेकंदांत तीनदा झालं | 35 | 40 | 20 | 5 |

भरलेल्या ओळी तुम्हाला समजावण्यासाठी आहेत. मुलांना द्याल त्या तक्त्यात पहिला रकाना सोडून सगळं कोरं हवं. लांबी आणि वेळेच्या ओळींत एकक मात्र तुम्हीच छापून द्या. ते मुलांवर सोडलंत तर एकाच रकान्यात इंच, फूट आणि मिनिटं दिसू लागतात.

तक्त्यातला सगळ्यात मोलाचा रकाना "आधार" हा आहे, आणि मुलं नेमका तोच सोडतात. "डोळ्यांनी बघून", "मनाने", "मला वाटलं" ही उत्तरं चालणार नाहीत, हे आधीच सांगा. "कशाशी तुलना केलीस?" एवढा एकच प्रश्न विचारा. ज्या मुलांचं लिखाण अजून सावकाश आहे त्यांना त्या रकान्यात चित्र काढू द्या. एका बोटाचं चित्र आणि त्याखाली 50 असं काढलं तरी पुरे.

## पहिला दिवस: दाणे

### 1. खोडरबर गोळा करा

हे गमतीने लिहिलेलं नाही. मोजणी झाली की पहिला अंदाज खोडून बरोबर उत्तर लिहायचं, ही या वयाची सवयच आहे, कारण चुकलेलं उत्तर वहीत राहता कामा नये असं आपणच त्यांना शिकवलेलं असतं. त्यामुळे दोन्ही अंदाज स्केचपेनने लिहायचे, बाकीचे रकाने पेन्सिलीने. खोडरबर गटप्रमुखाकडून एका डब्यात जमा करून घ्या. फरक काढताना ते परत द्या.

### 2. पहिला अंदाज, गप्प बसून

भरलेली बरणी गटाच्या मधोमध ठेवा. मुलांनी ती फिरवावी, उचलावी, पण झाकण उघडायचं नाही. प्रत्येकाने आपला आकडा स्वतः लिहायचा आणि हाताने झाकायचा. वेळ एक मिनिट. गटातल्या एकाने जरी "दोनशे!" असं मोठ्याने म्हटलं तरी बाकीचे चौघे दोनशेच्या आसपास फिरू लागतात.

इथे तुमच्याही जिभेवर ताबा हवा. "शंभरपेक्षा जास्त असतील ना?" असं सहज विचारलंत तरी अख्ख्या वर्गाला इशारा मिळतो. "बाई, बरोबर आहे का?" या प्रश्नाला एकच उत्तर, "लिही आणि झाक."

या पायरीवर 100, 500, 1000 असे गोल आकडे खूप येतील. ते अडवू नका. एखादा "दहा लाख" लिहील, त्यालाही लिहू द्या. पुढे त्याच्याच तक्त्यावर गंमत दिसते.

> तपासा: सगळ्यांच्या दुसऱ्या रकान्यात आकडा आहे का? एखादं मूल चुकायच्या भीतीने रिकामं ठेवतं. त्याला बरणीकडे बघून फक्त "शंभरच्या आत की बाहेर?" एवढं ठरवू द्या, मग त्यालाच आकडा लिहू द्या.

### 3. ओळखीचं माप हातात द्या

आता 50 ची बरणी बाहेर काढा आणि भरलेल्या बरणीशेजारी ठेवा. फळ्यावर एकच वाक्य लिहा: "यात 50 आहेत, तर त्यात किती?" पुढे काही शिकवू नका. चार-पाच मिनिटं गटात बोलू द्या. आता बोलण्याला परवानगी आहे, किंबहुना बोलायलाच हवं.

एका गटाचं उदाहरण घेऊ. बरणी इ मध्ये 187 दाणे आहेत. 50 दाण्यांची उंची एका मुलीच्या आडव्या बोटाएवढी भरली. तिने भरलेल्या बरणीवर बोटावर बोट ठेवत वर नेलं, तर तीन पूर्ण बोटं आणि चौथं अर्ध्याहून थोडं जास्त झालं. पन्नास, शंभर, दीडशे, आणि अर्ध्या बोटाचे पंचवीस, म्हणजे 175. तिचा पहिला अंदाज 500 होता. त्याच गटातल्या एका मुलाने चौथं बोट पूर्ण धरलं आणि 200 लिहिलं. दोघांचाही विचार योग्य आहे, आणि दोघांनी आपापला आकडा ठेवावा. गटाने मिळून एकच आकडा ठरवायचा नाही.

> नेहमीची चूक: काही मुलं 50 ची बरणी बघतात आणि पहिल्या अंदाजात सरळ 50 मिळवतात किंवा वजा करतात. म्हणजे हातातल्या मापाचं काय करायचं हे त्यांना कळलेलं नाही. त्यांना 50 च्या बरणीतले दाणे झाकणासकट दाखवत विचारा, "अशा किती बरण्या त्यात ओतल्या तर ती एवढी भरेल?" ओतण्याची कल्पना केली की बहुतेकांची गाडी रुळावर येते.

मापाची बरणी रुंदीने तेवढीच हवी, असं वर म्हटलं ते याचसाठी. अरुंद बरणीत 50 दाणे उंच दिसतात आणि बोटांचा सगळा हिशेब कोलमडतो.

### 4. मोजणी दहा-दहाने

आता झाकण उघडायचं. बरणी ताटातच रिकामी करा, बाकावर नाही. एका झाकणात दहा दाणे. झाकणं भरत जायची आणि दहा झाकणं झाली की ती एका ओळीत लावून तिला शंभर म्हणायचं. बरणी इ ची मोजणी अशी येईल: एक पूर्ण ओळ, त्याखाली आठ झाकणं आणि सुटे सात. शतक, दशक, एकक समोर मांडलेले दिसतात. एकेक दाणा मोजायला लावलात तर 70 किंवा 80 च्या घरात कोणीतरी हाक मारतं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

काम वाटून द्या. तिघं झाकणं भरतील, एक जण प्रत्येक झाकणात दहाच आहेत का ते बघेल, एक जण ओळी लावेल.

> तपासा: गटाचा आकडा तुमच्या वहीतल्या आकड्याशी जुळला नाही तर उत्तर सांगू नका. "दोन झाकणं पुन्हा बघा" एवढंच म्हणा. बहुतेक वेळा एखाद्या झाकणात नऊ किंवा अकरा सापडतात, नाहीतर दाणा बाकाखाली असतो.

### 5. फरक काढा

मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. अंदाज जास्त होता की कमी, हे इथे महत्त्वाचं नाही. 500 मधून 187 वजा करताना हातचा दोनदा घ्यावा लागतो, म्हणून या पायरीसाठी किमान आठ मिनिटं राखून ठेवा. फरक 1 आणि फरक 2 यांतल्या लहान फरकाला गोल करायचा. बहुतेकांचा गोल दुसऱ्यावर येतो. एखाद्याचा पहिल्यावर आला तर त्यात काही वावगं नाही, त्याचा पहिला आकडा नशिबाने जवळ लागला होता, आणि हे त्याच्याशी मोकळेपणाने बोलावं.

## दुसरा दिवस: लांबी

क्रम तोच. इथली ओळखीची मापं दोन: 1 मीटर लांबीची दोरी आणि 10 सेंटिमीटरची पुठ्ठ्याची पट्टी. दोरी न ताणली जाणारी घ्या, इलॅस्टिक किंवा लोकर नको.

मोजायच्या वस्तू चारच ठेवा आणि लांबीत फरक असू द्या: कंपासपेटी, बाक, दाराची रुंदी, फळा. पहिले अंदाज लिहून झाले की दोरी फळ्याशेजारी टांगा आणि पट्टी हातात द्या.

इथला नियम एकच, पण तो सारखा मोडला जातो. दोरी किंवा पट्टी वस्तूला टेकवायची नाही. टेकवली की अंदाज संपला आणि मोजमाप सुरू झालं. दोरी लांबून बघायची, मनातल्या मनात बाकावर ठेवायची आणि "दोरी संपल्यावर बाक अजून किती उरेल?" असं स्वतःला विचारायचं. कंपासपेटीसाठी दोरीचा काही उपयोग नाही, तिथे पट्टी हवी. कोणत्या वस्तूला कोणतं माप हे मुलांनाच ठरवू द्या, आणि कोणी फळ्यासाठी पट्टी निवडली तर अडवू नका. तेवीस-चोवीस पट्ट्या मनात रचताना त्याचं त्यालाच कळेल.

खरं मोजमाप शिवणकामाच्या टेपने घेत असाल तर टेपची इंचांची बाजू आधीच कागद चिकटवून झाका. 118 सेंटिमीटरचा बाक इंचांच्या बाजूने जेमतेम 46 दिसतो, आणि आपला अंदाज इतका कसा चुकला म्हणून मूल खट्टू होतं. प्लास्टिकची मोजपट्टी वापरत असाल तर शून्य नेमकं कुठे आहे ते दाखवा. बऱ्याच पट्ट्यांवर शून्य कडेपासून थोडं आत असतं, आणि मुलं कडेपासून मोजतात. कोपरे झिजलेल्या पट्ट्या बाजूलाच ठेवा.

वर्गात चौकोनी फरश्या असतील तर एका फरशीची बाजू आदल्या दिवशी मोजून ठेवा. व्हरांड्याच्या लांबीचा अंदाज करायला फरशीसारखं दुसरं माप नाही. एका फरशीची बाजू सांगायची आणि पाऊल न टाकता, उभ्या जागेवरून अंदाज करायला लावायचं.

## तिसरा दिवस: वेळ

वेळ दिसत नाही आणि हातात धरता येत नाही, त्यामुळे इथे ओळखीचं माप आधी तयार करावं लागतं. भिंतीवरचं घड्याळ झाका, मनगटी घड्याळं दप्तरात जाऊ द्या. तुमच्या फोनवरचं स्टॉपवॉच आवाज बंद करून ठेवा.

1. फळ्यावर 5, 10, 15 असं 90 पर्यंत एका ओळीत लिहा. तुम्ही दर पाच सेकंदांनी काही न बोलता पुढच्या आकड्यावर पट्टी ठेवायची. चाळीस मुलांच्या वेळा एकट्याने टिपण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. पाच सेकंदांपेक्षा जास्त अचूकतेची इथे गरजही नाही.

2. पहिला अंदाज: "आपलं नाव दहा वेळा लिहायला किती सेकंद लागतील?" लिहा आणि झाका. नाव म्हणजे फक्त स्वतःचं नाव, आडनाव नको.

3. आता माप. मुलांना दहा सेकंद नुसते बघू द्या, पट्टी 10 वर येईपर्यंत. मग पुन्हा दहा सेकंद द्या आणि त्यात नाव जितक्या वेळा होईल तितक्या वेळा लिहू द्या. एखादीचं नाव तीनदा लिहून होतं. मग दहा वेळांसाठी तीस सेकंद आणि वर थोडे, म्हणून ती 35 लिहिते.

4. आता खरं लिहायचं. दहावं नाव झालं की मान वर करायची, पट्टी ज्या आकड्यावर असेल तो टिपायचा.

> नेहमीची चूक: अंदाज खरा ठरावा म्हणून काही मुलं मुद्दाम सावकाश लिहितात किंवा घाईने खरडतात. यावर उपाय म्हणजे दुसरी वस्तू अशी द्या जिचा वेग मुलांच्या हातात नाही. बाटलीच्या झाकणाला छोटं भोक पाडून बाटली उलटी धरा, पाणी बादलीत पडू द्या. मापासाठी बाटलीत एक पेला पाणी घ्या, प्रत्यक्ष अंदाजासाठी चार पेले. भोक किती मोठं पाडायचं ते घरी करून बघा, आणि पाणी थांबून थांबून पडू नये म्हणून बाटलीच्या बुडालाही एक भोक पाडा. चार पेले दीड मिनिटाच्या आत रिकामे व्हायला हवेत, कारण फळ्यावरचे आकडे तिथेच संपतात.

पाण्याच्या बाबतीत दुसरा अंदाजही थोडा चुकेल. बाटलीत पाणी जास्त असताना ते जोराने पडतं आणि कमी झालं की मंदावतं, त्यामुळे चार पेल्यांना एका पेल्याच्या चौपट वेळ लागत नाही, त्याहून कमी लागतो. कोणा मुलाच्या हे लक्षात आलं तर तिथे थांबून त्याला बोलू द्या.

## गुण कसे द्यायचे

सगळ्यात जवळच्याला बक्षीस द्यायचं नाही. दुसरा फरक पहिल्यापेक्षा कमी झाला तर दोन गुण, आधाराच्या रकान्यात खरी तुलना असेल तर एक. म्हणजे 500 वरून 175 वर आलेली मुलगी तीन गुण मिळवते. नशिबाने पहिल्यांदाच 190 लिहून पुढे आधार कोरा ठेवणारा मुलगा एकही मिळवत नाही. यावर वर्गात तक्रार होईल. नियम खेळाच्या आधीच फळ्यावर लिहिलेला असेल तर ती लवकर मिटते.

## तक्ते गोळा केल्यावर काय बघायचं

फरक 2 चा रकाना घाईने चाळू नका. दाण्यांत फरक कमी झाला, पण लांबीत झाला नाही, असं मूल बहुधा एककात अडकलेलं असतं. त्याला सेंटिमीटर म्हणजे केवढं हे अजून डोळ्यांत बसलेलं नाही. ज्याचा दुसरा अंदाज आणि मोजून आलेली संख्या तिन्ही ओळींत अगदी तंतोतंत सारखी आहे, त्याने मोजणीनंतर लिहिलं आहे. रागावू नका. पुढच्या वेळी त्याच्या गटाचे अंदाज लिहून झाल्यावर त्यांवर तुमची सही करा आणि मगच झाकण उघडू द्या.

घरी करायला द्यायचं असेल तर वेळेची ओळ सोपी पडते. लिफ्ट तळमजल्यावरून आपल्या मजल्यावर यायला किती सेकंद घेते, हे करून बघता येतं. मापासाठी आधी दोनच मजल्यांचा वेळ घ्यायचा. ट्रान्स हार्बरने येणारी मुलं ऐरोली ते रबाळे किती मिनिटांचं अंतर आहे ते लिहून, त्याच्या आधाराने ऐरोली ते कोपरखैरणेचा अंदाज करू शकतात. पालकांना मात्र बजावून सांगा की आकडा गाडीचं दार सोडून, बसल्या जागी लिहायचा आणि मुलाला उत्तर सुचवायचं नाही.

राजमा परत भरताना तो शिजवायला कोणाकडे देऊ नका, चाळीस जणांचे हात लागलेले असतात. जून ते सप्टेंबर इकडच्या दमट हवेत तो मऊ पडतो आणि त्यात किडे होतात. त्यामुळे पावसाळ्याआधी एक-दोन कडक उन्हं दाखवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दाणे फुगले असतील किंवा भोकं पडली असतील तर नवा राजमा घ्या आणि 50 च्या बरण्या पुन्हा मोजून भरा.